गळणारं तेल म्हणजे वारसा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, रॉयल एनफिल्डवरचा तुमचा लेख पटला नाही. जुनी गाडी नव्या रंगात विकली आणि लोकांनी आठवणींना पैसे दिले, एवढंच त्यात आहे. आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरचा धंदा १९४८ पासूनचा. पाकिटावर आजोबांचा फोटो आणि 'स्थापना १९४८'. तरुण गिऱ्हाईक ते बघतं आणि शेजारचं पाकीट उचलतं. फोटो काढू म्हटलं तर वडील दोन दिवस बोलत नाहीत. आमच्यासाठी इतिहास हे ओझं आहे. मोठ्या कंपन्यांची उदाहरणं आम्हाला काय कामाची?"
— एक वाचक, कराड

आठवणींना पैसे मिळत असते, तर अँबॅसडर आजही नवी मिळाली असती. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ती गाडी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत होती. लग्नाची वरात, सरकारी लाल दिवा, स्टेशनबाहेरची टॅक्सी, एका अख्ख्या पिढीच्या आठवणी तिच्यात बसलेल्या आहेत. तरी कारखाना बंद पडला. आणि २०१७ मध्ये तिचं नुसतं नाव फ्रान्सच्या प्यूजोने ८० कोटी रुपयांना घेतलं. नावाला एवढी किंमत होती, पण गाडी घ्यायला लोक उरले नव्हते. आठवण आणि खरेदी या दोन गोष्टी इतक्या लांब जाऊ शकतात, म्हणूनच मला बुलेटचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. तिथेही हेच होणार होतं.

रॉयल एनफिल्डची पहिली मोटारसायकल १९०१ ची, इंग्लंडमधल्या रेडिचची. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं. १९५५ मध्ये मद्रासला जोडणी सुरू झाली, पुढे सगळी गाडीच तिथे बनू लागली, आणि १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी संपली तरी मद्रासचा कारखाना चालूच राहिला. म्हणजे हा इतिहास कुणी जाहिरातीसाठी रचलेला नाही. पण २००० साली त्या इतिहासाचा उपयोग काय होत होता? महिन्याला जेमतेम दोन हजारांच्या आसपास गाड्या जात होत्या आणि आयशर समूहात हा धंदा विकावा की बंद करावा यावर चर्चा चालली होती. तेव्हा समूहाच्या मालक घराण्यातल्या २६ वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांनी तो चालवायला मागितला.

त्यांच्या हातात आलेली बुलेट चालवणं हे एक कसब होतं. अँपिअर मीटरचा काटा बघत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसरने सिलिंडरमधला दाब सोडायचा, पिस्टन योग्य जागी आला की मग जोरात किक. चुकलं की किक उलटी येऊन पायावर बसायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, बाकी सगळ्या गाड्यांच्या नेमकं उलट. इंजिन ओतीव लोखंडाचं आणि गिअरबॉक्स वेगळा, त्यामुळे सांधे जास्त, आणि सांध्यांतून तेल यायचं. उभ्या बुलेटखाली तेलाचा डाग दिसणं लोकांनी गृहीत धरलेलं होतं.

तुम्ही म्हणता तसं "नव्या रंगात" विकायचं असतं, तर हे सगळं तसंच ठेवून टाकी चकचकीत केली असती. घडलं ते वेगळं. गिअर डाव्या पायाला आला. जुन्या बुलेटवाल्यांचा याला मोठा विरोध होता, कारण त्यांच्या पायाला वर्षानुवर्षांची सवय होती. काही काळ दोन्ही प्रकारच्या गाड्या बाजारात राहिल्या. बटणस्टार्ट आला. आणि २००८-०९ च्या सुमारास इंजिनच बदललं: अॅल्युमिनियमचं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात. सांधेच कमी झाल्यावर तेल गळायला जागा कमी उरली.

मग जुनं काय ठेवलं? इथे जरा थांबते, कारण माझ्या दृष्टीने सगळी मेख इथे आहे.

बुलेटचा तो संथ, वेगवेगळे ठोके ऐकू येणारा आवाज नुसत्या सायलेन्सरमुळे येत नाही. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, फ्लायव्हील नावाचं जड फिरतं चाक, आणि कमी फेऱ्यांवरही मिळणारी ओढ, या सगळ्यातून तो येतो. नव्या अॅल्युमिनियमच्या इंजिनातही ३५० सीसीला हेच ७० आणि ९० ठेवले. पुढे २०२० मध्ये पुन्हा पूर्ण नवं इंजिन आलं, त्यात ७२ आणि ८५.८ असे आकडे झाले. थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट घातला, किक पूर्ण गेली. पण स्ट्रोक व्यासापेक्षा बराच लांबच ठेवला. छोट्या स्ट्रोकचं, जास्त फेऱ्यांचं, जास्त ताकदीचं इंजिन करणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. आवाज राहिला आणि हात बधिर करणारी थरथर गेली.

रूपाचंही तसंच. २००९ च्या क्लासिकने १९५० च्या दशकातल्या गाड्यांची ठेवण घेतली: थेंबासारखी टाकी, स्प्रिंगची एकटी सीट, हेडलाइटच्या वर दोन बाजूंना ते छोटे दिवे. विक्री त्यानंतर वाढत गेली, आणि २०१४ या एका वर्षात तीन लाखांहून जास्त गाड्या गेल्या. यातल्या बहुतेकांनी जुनी बुलेट कधी स्वतः चालवलेली असेल असं मला वाटत नाही. त्यांनी पैसे दिले ते स्वतःच्या आठवणींना कसे असतील?

जुन्यातलं काय ठेवायचं हे ठरवण्याची माझी पद्धत यातूनच आली. जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं तर तो सगळंच ठेवा म्हणतो. उलटी किक खाल्ल्याची गोष्टसुद्धा माणसं अभिमानाने सांगतात, त्यामुळे त्यांच्या कौतुकावरून काही कळत नाही. विचारायचं असतं ते ज्याला कसलीही आठवण नाही त्याच्याकडे बघून. बावीस वर्षांच्या मुलाने बुलेटचा आवाज पहिल्यांदा ऐकला तरी त्याला तो आवडतो. उजव्या पायाचा गिअर मात्र त्याला फक्त अडचण आहे. आवाज ठेवायचा, गिअर बदलायचा.

आता तुमच्या पाकिटाकडे येते. आजोबांचा फोटो अनोळखी माणसाला काय देतो? प्रामाणिकपणे बोलायचं तर काहीच नाही. तुमच्या वडिलांसाठी ते वडील आहेत, पुण्यातल्या मुलीसाठी कुणीतरी टोपीवाले गृहस्थ. 'स्थापना १९४८' चंही तेच. धंदा टिकला एवढंच त्यातून कळतं, मसाला कसा आहे ते कळत नाही. पण आजोबांनी केलेलं काम ती मुलगी चाखू शकते. तुमचा मसाला अजून डंकावर कुटत असाल तर त्याचा भरडपणा बोटांना लागतो, वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मसाला तापतो आणि वास उडतो तसं डंकावर होत नाही. मिरच्यांचं प्रमाण आजोबांचंच असेल तर रंग आणि तिखटपणाचा तोल त्यांचा आहे. बुलेटचा लांब स्ट्रोक तो हा. याला हात लावू नका. उत्पादन वाढवायला चक्की घ्यायचा विचार असेल, तर घाई करण्याआधी दोन्ही मसाल्यांचा एकेक रस्सा करून घरच्यांना न सांगता वाढून बघा.

आणि तुमचं गळणारं तेल कुठलं? अक्षरशः तेलच असण्याची दाट शक्यता आहे. कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा, खोबरं, तेल असतं. पातळ पिशवीत भरताना तोंडाला मसाला लागतो, तेलकट कडा नीट चिकटत नाही, आणि दुकानाच्या फळीवर आठवड्यात डाग पडतो. गावातलं गिऱ्हाईक तो डाग चालवून घेतं, कारण त्याला आतला माल माहीत आहे. नवं गिऱ्हाईक तेलकट पाकीट बोटांनी उचलून परत ठेवतं आणि आपल्याला वाटतं की फोटो जुना दिसला म्हणून ठेवलं. आधी हे तपासा: दहा पाकिटं भरा, पांढऱ्या कागदावर आडवी ठेवा, वर वजन ठेवून उबदार खोलीत दोन रात्री सोडा. डाग पडला तर पाकीट बदलायचं, अॅल्युमिनियमचा थर असलेलं, पुन्हा बंद करता येणारं, आणि भरताना लांब नळीचं नरसाळं वापरायचं म्हणजे कडा कोरडी राहते. खोबरं खवट होण्याचा काळही त्याने लांबतो. आतला मसाला दिसावा म्हणून पारदर्शक खिडकी मात्र ठेवू नका, उजेडाने मिरचीचा लाल रंग उतरतो. त्यापेक्षा त्या भरडपणाचा जवळून घेतलेला फोटो पुढे छापा.

तुम्ही जावा मोटारसायकलबद्दल विचारलं नाहीत, पण मर्यादा कळायला ते उदाहरण बरं. २०१८ मध्ये जावा परत आली, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर हे जुनं रूप घेऊन. पण जुन्या जावाचा जीव टू-स्ट्रोकच्या आवाजात होता आणि प्रदूषणाच्या आजच्या नियमांत तसं इंजिन बसणं कठीण. ती फोर-स्ट्रोकच होणार होती. जुन्या चाहत्यांना नेमकं तेच चुकल्यासारखं वाटलं. ठेवण्यासारखी गोष्टच ठेवता येत नसेल, तर रूपाने सगळी भरपाई होत नाही. रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये विजेवरची गाडी दाखवली तेव्हा तिला बुलेट म्हटलं नाही याचं कारण मला तेच दिसतं. नाव दिलं फ्लाइंग फ्ली, दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरवल्या जाणाऱ्या त्यांच्या हलक्या १२५ सीसी गाडीचं. हलकेपणाची आठवण विजेच्या गाडीला शोभते, ठोक्याची शोभली नसती. तुम्ही उद्या झटपट रस्सा मिक्स काढलात, तर त्यावर आजोबा आणि डंक छापू नका, तो डंकाचा माल नाही.

राहिले वडील. त्यांच्याशी फोटोवर वाद घालू नका. गिअरच्या बाबतीत झालं तेच करा, काही काळ दोन्ही चालू द्या. कराड, पाटणच्या जुन्या दुकानांत आहे तेच पाकीट जाऊ द्या, फक्त पिशवी न गळणारी. पुण्या-मुंबईसाठी २०० ग्रॅमची लहान खेप वेगळी काढा: पुढे मसाला, मागे आजोबांचा फोटो, आणि त्याखाली त्यांनी कुठल्या मिरच्या का निवडल्या याच्या चार ओळी. त्या चार ओळी वडिलांकडूनच लिहून घ्या, दुसऱ्या कुणाला त्या येणार नाहीत. दोन्ही खेपांत परत आलेली पाकिटं आणि पुन्हा मागवणारी दुकानं वहीत वेगवेगळी लिहा, सहा महिन्यांनी ती वही वडिलांपुढे ठेवा, आणि त्यात काय निघालं ते मलाही कळवा.