वीस किमी रेस वॉक, १८० पावले आणि लांब टांग

फिरत असलेला मेसेज: "२० किमी रेस वॉक दीड तासात करायची? सोपं आहे. उंचीला ०.४१५ ने गुणा, ती तुमच्या पावलाची लांबी. मिनिटाला १८० पावलं हा आदर्श आकडा, तो सोडू नका. वेग कमी पडला तर पाऊल लांब टाका."

आधी या मेसेजचं गणित त्याच्याच आकड्यांनी करून बघू. उंची १७० सेंमी धरली तर पाऊल येतं साधारण ७० सेंमी. मिनिटाला १८० पावलं म्हणजे १२७ मीटर. या चालीने २० किमीला दोन तास सदतीस मिनिटं लागतील. दीड तास कुठे राहिला? ०.४१५ चा गुणक पेडोमीटरवाल्यांचा आहे, सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या पावलाचा अंदाज घेण्यासाठी. रेस वॉकमध्ये कंबर पुढे-मागे फिरते आणि मागचा पाय शेवटपर्यंत रेटतो, म्हणून त्याच माणसाचं पाऊल एक मीटरच्या पुढे जातं. ते उंचीवरून काढता येत नाही, मोजावं लागतं.

खरा हिशोब वेळेपासून सुरू होतो. दीड तास म्हणजे ५४०० सेकंद, भागिले २०, म्हणजे किमीला २७० सेकंद: ४:३० चा पेस. मिनिटाला अंतर २२२ मीटर. आता ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर शंभर मीटर आखा आणि सध्या झेपणाऱ्या पेसने चालत दोन्ही पायांची पावलं मोजा. (मोजणीतली हमखास गल्लत इथेच होते: एकाच पायाची मोजली की आकडा निम्मा येतो.) समजा, किमीला पाच मिनिटांच्या चालीने शंभर मीटरला ३० सेकंद आणि ९१ पावलं लागली. पाऊल झालं १.१० मीटर आणि गती मिनिटाला १८२ पावलं.

या चालणाऱ्याला ४:३० वर यायचंय. पाऊल तेच ठेवलं तर २२२ भागिले १.१०, म्हणजे २०२ पावलं हवीत. पाऊल दोन सेंमीने वाढलं तर १९८ पुरतात. आणि १८२ वरच अडून बसलं तर पाऊल १.२२ मीटर करावं लागेल, प्रत्येक पावलाला बारा सेंमी जास्त.

१८० चा आकडा आला धावपटूंकडून. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा बहुतेकांची १८० किंवा त्याहून जास्त भरली. धावणारा दोन पावलांमध्ये हवेत तरंगून अंतर कापतो. रेस वॉकरला ती मुभा नाही, म्हणून वेग पावलांच्या संख्येतून काढावा लागतो. वरच्या दर्जाचे चालणारे मिनिटाला २०० च्या आसपास किंवा पुढे असतात, ते याच कारणाने.

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला शेवटचा आहे. पाऊल पुढे फेकून लांब केलं की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. शिवाय नियम असा की पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून तो शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा ताठ हवा. टाच दूर पडली की दमलेला गुडघा नेमका तेव्हाच वाकतो. उडी मारून लांबी मिळवली तर दोन्ही पाय हवेत दिसतात. संपर्क तुटल्याचं जज साध्या डोळ्यांनी ठरवतात, त्यामुळे क्षणभराची उडी सुटून जाते. टांग जितकी लांब तितकी ती दिसण्याची शक्यता जास्त. पेनल्टी झोन असलेल्या शर्यतीत तीन जजांची तीन रेड कार्डं झाली की २० किमीला दोन मिनिटं थांबावं लागतं. तो भुर्दंड किमीमागे सहा सेकंदांचा, म्हणजे ४:३० चा पेस ४:३६ झाला. चौथं कार्ड आलं तर बाहेर.

पाऊल वाढवायचंच तर ते मागून वाढवा: मागच्या पायाची बोटं जमिनीवर जास्त वेळ टिकवून, कंबर फिरवून. महिन्यांच्या सरावाने दोन-तीन सेंमी मिळाले तरी पुष्कळ.

शर्यतीत घड्याळावरच्या तात्कालिक पेसवर विसंबू नका, यू-टर्नवर जीपीएस गडबडतं. फेरी दोन किमीची असेल तर फेरीला नऊ मिनिटं, एवढं बघा. पंधरा किमीनंतर फेरी ९:१० ला गेली तर अर्धा मिनिट पावलं मोजा. १९८ च्या हिशोबाने ९९ यायला हवीत. ९५ आली तर पाय नाही, हात मंदावलेत. कोपर थोडं जास्त दुमडून हात जलद हलवा, पाय मागोमाग येतात. ९९ येत असूनही वेळ घसरत असेल तर पाऊल आखूड झालंय. तेव्हा पुढे टांग टाकण्यापेक्षा दहा सेकंद सोडून दिलेले परवडतात.