‘सांगून गेले मज भीमराव’ हे कुठलं गाणं, काका?

तेरा एप्रिलच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला नाशिकच्या शालिमारला होतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ पाय ठेवायला जागा नाही, एकीकडे डीजे, दुसरीकडे ढोलताशा, आणि मधल्या एका छोट्या स्टेजवर डफ घेऊन एक शाहीर उभा. माईक असा की एका वाक्यातले तीन शब्द कळायचे आणि बाकी सगळा घुमारा. पुतण्याने मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘वामनदादांचा पोवाडा, जबरदस्त’. गाणाऱ्याचं नाव त्याला पत्रिकेवरून कळलं होतं, तेही टाकलं.

एका ओळीत दोन चुका. वामनदादांचं नाही, आणि पोवाडाही नाही. मी तसं म्हणालो तर गडी हटून बसला, “काका, डफ होता, मागचे लोक जी जी म्हणत होते. मग पोवाडा नाही तर काय?”

बरोबर आहे त्याचं. मीही आधी असंच समजायचो. चाळिशीपर्यंत गायन पार्टीत ढोलकी वाजवली तरी अर्ध्या गाण्यांचे कवी मला माहीत नव्हते. ज्याने गायलं त्याचंच गाणं, असा हिशोब. आजही यूट्यूबवर तोच हिशोब चालतो. शीर्षकात गायक, वर्णनात गायक, आणि कवी कुठेच नाही. याचा मला राग येतो, म्हणून हे लांबण लावतोय.

त्या व्हिडिओत स्पष्ट ऐकू येते ती एकच ओळ, ‘सांगून गेले मज भीमराव’. तीच का? कारण ती गर्दीने उचलली. शाहिराने पुढची ओळ म्हटली की मागे उभे असलेले आणि समोरचे पब्लिक हीच ओळ परत म्हणतं. म्हणजे कानात राहतो तो मुखड्याचा दुसरा अर्धा भाग, आणि गाणं ओळखलं जातं ते पहिल्या अर्ध्या भागावरून. हा घोळ नेहमीचा आहे. पालुपद म्हणून जे आपण घरी गुणगुणत येतो ते गाण्याचं पहिलं वाक्य असेलच असं नाही.

मग मी व्हिडिओ पाच वेळा ऐकला, कानाला फोन लावून. पालुपद बाजूला ठेवलं आणि पालुपदाच्या आधी येणारा शब्द धरला. भीमगीतात कडव्याची शेवटची ओळ मुखड्याला जाऊन मिळते, म्हणजे तिचं यमक मुखड्याशी जुळायलाच हवं. गायक कितीही ताना घेवो, त्या शब्दावर तो दम धरतो, डफावर थाप देतो आणि मगच पालुपद सोडतो. त्यामुळे खराब माईकवरही तो शब्द सुटत नाही. पहिल्या खेपेला मिळाला ‘साव’. त्याच्या अलीकडे ‘चोर’ असं काहीतरी. दुसऱ्या कडव्याच्या टोकाला ‘भेदभाव’. भीमराव, साव, भेदभाव. मुखड्याचा हरवलेला शब्द आता ‘आव’वर संपणारा हवा, हे उघड झालं. त्यात मध्येच ‘ऐरावत’ आणि ‘चिखलात’ हे दोन शब्द ऐकू आले आणि विषय संपला. गुलामगिरीच्या चिखलात रुतून बसलेला ऐरावत एकाच गाण्यात आहे. ‘जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मज भीमराव’. अण्णाभाऊ साठे.

पुतण्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. वामनदादा नाहीत हे शब्द माहीत नसतील तर कसं ओळखायचं? तर शेवटचं कडवं ऐकायचं. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा, २००४ साली नाशकातच गेले. त्यांच्या कितीतरी गाण्यांत शेवटाकडे ‘वामन’ हे नाव येतं, जुन्या शाहिरांच्या आणि संतांच्या नाममुद्रेसारखं. ‘जग बदल’च्या शेवटी ‘निज नाव’ असा शब्द येतो, पण कवीचं नाव येत नाही. अर्थात हा पुरावा एकाच बाजूने चालतो. ‘वामन’ ऐकू आलं तर बहुधा काम झालं. नाही आलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्टेजवर शेवटचं कडवं सर्रास गाळतात. स्वतःचं नाव घुसडून गाणारेही मी ऐकलेत.

दुसरी खूण बांधणीची. वामनदादांचं ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ आठवा. पुढची ओळ ‘न्यारेच टोक असते’वर संपते. लोक असते, टोक असते, ही गझलेची बांधणी आहे. गायक ‘असते’वर येण्याआधी किंचित थांबतो आणि समोरचे लोक ‘असते’ त्याच्याआधीच म्हणून टाकतात. ‘जग बदल’मध्ये असं नाही. तिथे तीन ओळी एका दमात, एकाच यमकाने चढत जातात आणि चौथी तुटून ‘आव’वर आदळते. शब्द एकही कळला नाही तरी ही चढण आणि आदळणं कळतं. मला तरी ढोलकीच्या हाताला आधी कळतं आणि कानाला नंतर.

आता पोवाड्याचं. डफ आणि ‘जी जी र जी’ हा गाण्याचा पेहराव आहे, जात नव्हे. पोवाडा म्हणजे घडलेली गोष्ट. कोण, कुठे, कधी, मग काय झालं, अशी चौकाचौकाने पुढे सरकते. मध्ये शाहीर गाणं थांबवून गद्यात प्रसंग सांगतो, मग झिलकरी सूर धरतात आणि लढाई आली की लय वाढते. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा असो की अण्णाभाऊंचाच स्टालिनग्राडचा, त्यात घटना पुढे जाते. ‘जग बदल’मध्ये घटना नाही. समोर एक ‘तू’ आहे, त्याला ऊठ म्हणून सांगितलंय. त्या रात्रीच्या शाहिराने ते पोवाड्याच्या अंगाने गायलं, सुरुवातीला खड्या आवाजात आरोळी दिली, मागून जी जी लावलं, आणि छान गायलं. पण उद्या कोणी ते हार्मोनियम-तबल्यावर कव्वालीच्या ढंगात गायलं तर ते कव्वाली होणार नाही. कडव्यांची अदलाबदल करून पाहिली तरी चालते. पोवाड्यात चौक असे हलवले तर मेलेला खान पुन्हा चालत येईल.

चालीवर तर अजिबात भरवसा ठेवू नये. सिनेमाच्या एकेका चालीवर किती भीमगीतं बसवलीत, विचारू नका. चाल ओळखीची वाटली म्हणून गाणं ओळखलं म्हणणारा हमखास तोंडावर पडतो. मी पडलोय, भर मंडपात, माईक हातात असताना.

(जाता जाता: कर्डक दोन. भीमराव कर्डक आधीचे, आंबेडकरी जलसेवाले, १९३० च्या दशकातले. वामनदादा नंतरचे. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, त्यामुळे आपल्याच लोकांत ही सरमिसळ फार होते.)

हे सगळं मी पुतण्याला चहा पिता पिता सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ पुन्हा आला. वर लिहिलं होतं ‘जग बदल घालुनी घाव’, खाली ‘गीत : अण्णाभाऊ साठे’, त्याखाली शाहिराचं नाव. मी अंगठा दिला. दोनच मिनिटांत नाशिकरोडच्या आत्याचा मेसेज, “वा! वामनदादांचा पोवाडा ना हा?”