व्हेरिअन्स सरसकट सीओजीएसला टाकण्याबद्दल

आधी ठरवलेली किंमत म्हणजे स्टँडर्ड, आणि तिच्यात व प्रत्यक्ष खर्चात पडलेला फरक म्हणजे व्हेरिअन्स. हा फरक विकलेल्या मालाच्या खर्चात, म्हणजे सीओजीएसमध्ये, किती टाकायचा हा विषय आज दुपारी वर्षअखेरीच्या क्लोजिंगच्या बैठकीत एका वरिष्ठांनी दोन वाक्यांत संपवला. "व्हेरिअन्स म्हणजे अकार्यक्षमता. ती स्टॉकमध्ये दडवायची नसते, सगळी सीओजीएसला टाका." समोर बसलेल्या, नुकत्याच रुजू झालेल्या कॉस्टिंगच्या मुलाने ते वहीत उतरवून घेतले. तेव्हापासून माझे डोके ठणकते आहे. वरिष्ठांचे वाक्य ऐकायला कडक आणि प्रामाणिक वाटते, पण ते निम्मेच खरे आहे आणि उरलेल्या निम्म्यामुळे ताळेबंद चुकतो.

मी चाकणच्या एका ॲल्युमिनियम डायकास्टिंगच्या कारखान्यात कॉस्टिंग शिकलो. तिथले आमचे साहेब मार्चअखेरीस व्हेरिअन्सचा तक्ता हातात घेऊन मला आधी स्टोअरमध्ये घेऊन जात. इनगॉटच्या थप्पीला अडकवलेले, मालाच्या आवक-जावकीची नोंद असलेले बिनकार्ड वाचायला लावत आणि विचारत, "ही धातू कोणत्या भावाने आली? मग पुस्तकात ती कोणत्या भावाने उभी आहे?" त्या वर्षी स्टँडर्ड होते किलोला 200 रुपये. बाजार चढला आणि वर्षाची सरासरी खरेदी 220 वर गेली. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी येथे पूर्णांकांत मांडतो आणि सुरुवातीचा साठा शून्य धरतो. एकूण खरेदी 1,00,000 किलो, म्हणजे खरेदी भावाचा प्रतिकूल व्हेरिअन्स 20 लाख रुपये. वर्षअखेरीस त्या धातूपैकी 20,000 किलो स्टोअरमध्ये इनगॉटच्या रूपात होती, 10,000 किलो डब्ल्यूआयपीत, म्हणजे अर्धवट तयार मालात, आणि 18,000 किलो तयार मालात. 50,000 किलो विकल्या गेलेल्या मालात गेली. राहिलेली 2,000 किलो वितळवताना प्रमाणापेक्षा जास्त जळून ड्रॉसमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत, गेली.

आता बाजारात धातू महागली यात आमच्या कोणत्या खात्याची अकार्यक्षमता होती? थप्पीतल्या प्रत्येक किलोमागे पुरवठादाराला 220 रुपये मोजलेले आहेत, आणि तीच तिची किंमत. 20 लाख सरसकट सीओजीएसला टाकले की तिन्ही साठ्यांतली 48,000 किलो धातू पुस्तकात 200 नेच राहते आणि नफा 9 लाख 60 हजारांनी कमी दिसतो. वाटणी केली तर 10 लाख विकलेल्या मालाच्या वाट्याला येतात, 9 लाख 60 हजार साठ्यावर चढतात आणि जळालेल्या धातूचे 40 हजार तिच्याबरोबर खर्चात जातात. स्टँडर्ड कॉस्टची सोय साठ्याच्या मूल्यांकनाच्या लेखामानकाने, म्हणजे इंड एएस 2 च्या परिच्छेद 21 ने, दिली आहे, पण ती उत्तर खऱ्या किमतीच्या जवळपास येत असेल तरच. ही अट लोक विसरतात. स्टँडर्ड ही मोजण्याची सोय आहे, मालाची किंमत नव्हे.

कमी नफा दाखवणे म्हणजे सावधपणा, असे समजून मंडळी निर्धास्त होतात, पण 1 एप्रिलला काय होते ते पाहावे. नवे स्टँडर्ड 220 लागते आणि सिस्टीम साठ्याचे पुनर्मूल्यांकन करते. 48,000 किलोंवर किलोमागे 20 रुपये, म्हणजे बरोबर तेच 9 लाख 60 हजार, पुनर्मूल्यांकनाच्या खात्यात जमा होतात. ते खाते तसेच नफ्यात जाऊ दिले, तर 31 मार्चला झालेला 'तोटा' एका रात्रीत नफा होऊन परत येतो. त्या रात्री कारखान्यात एकही शॉट मारलेला नसतो.

आता अनुकूल व्हेरिअन्सकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. भाव पडला आणि तीच धातू 180 ने आली असे समजा. आता सरसकट सीओजीएसला जमा केले, तर न विकलेल्या मालावरचा फायदा आधीच नफ्यात येतो आणि साठा खऱ्या किमतीपेक्षा किलोमागे 20 रुपये जास्त दराने ताळेबंदात बसतो. याला सावधपणा कोण म्हणेल? तरीही दोन्ही वर्षी तीच एक ओळ लिहिली जाते, कारण ती सोपी आहे.

आमचे साहेब वाटणीचेही अंध भक्त नव्हते. स्टोअरमधून ते मला थेट मेल्टिंगला नेत आणि ड्रॉसच्या पिंपांसमोर उभे करत. ती जास्तीची 2,000 किलो भट्टीच्या बिघाडाने गेली होती. स्टँडर्डने तिचे 4 लाख, अधिक भावफरकाचे वर सांगितलेले 40 हजार, हा सगळा त्याच वर्षाचा खर्च. नेहमीची वितळघट स्टँडर्डमध्ये धरलेली असतेच, पण असाधारण नासधूस साठ्याच्या किमतीत धरता येत नाही, हे परिच्छेद 16 स्पष्ट सांगतो. त्याच वर्षी एक मशीन मागणीअभावी बरेच दिवस बंद होते. त्यामुळे न शोषला गेलेला स्थिर ओव्हरहेडही परिच्छेद 13 प्रमाणे खर्चातच जातो, कारण बंद मशीनचे भाडे गोदामातल्या कास्टिंगवर लादता येत नाही. इथे मात्र आजच्या वरिष्ठांचे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करतो. साठा जेमतेम चार दिवसांचा असेल तर वाटणीचा खटाटोप करू नये, हेही मान्य.

पण मग वाटणी तरी नीट करावी. खात्यांच्या एकूण शिलकीच्या प्रमाणात वाटणी करणारी वर्कशीट मी पाहिली आहेत. तयार मालाच्या शिलकीत मजुरी आणि ओव्हरहेडही असतात, त्यामुळे धातूचा फरक त्या प्रमाणात वाटला की तयार मालावर जास्त चढतो आणि इनगॉटवर कमी. आधार हवा तो त्या त्या खात्यातल्या धातूच्या किलोंचा. उलट मजुरीच्या दराचा फरक इनगॉटवर जाताच कामा नये, कारण त्यांना अजून कोणी हातही लावलेला नाही. आणखी एक खोच साहेबांनी बिनकार्डावरच दाखवली होती. थप्पीतला सगळा माल मार्चमध्ये आलेला होता आणि त्याचे बिल 236 रुपयांचे होते. कंपनीचे धोरण भारित सरासरीचे असेल तर 20 चा फरक चालतो, पण फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी वापरला असे धरण्याचे, असेल तर त्या 20,000 किलोंवर 36 चा फरक बसतो. वर्षभराची सरासरी तिथे अपुरी पडते.

रागाच्या भरात बरेच लिहिले. त्या मुलाचा दोष नाही, त्याने ऐकले ते लिहून घेतले. उद्या सकाळी त्याला बोलावून व्हेरिअन्सचा तक्ता तीन रकान्यांत मांडायला सांगणार आहे. भावाचा फरक किलोंच्या प्रमाणात वाटायचा, जास्तीची घट आणि रिकामी क्षमता खर्चात टाकायची, आणि मजुरीच्या दराचा फरक डब्ल्यूआयपी, तयार माल व सीओजीएस यांतच फिरवायचा. वरिष्ठांना तो तक्ता मी स्वतः नेऊन दाखवीन. ऑडिटमधल्या मित्रांना एकच विनंती आहे. प्रतिकूल व्हेरिअन्स पूर्ण खर्चात टाकलेला दिसला की आपण बहुधा पुढे जाता, कारण नफा कमीच दिसत असतो. या वर्षी तिथे थांबा, आणि एप्रिलमधल्या पुनर्मूल्यांकनाची एंट्री मागून घ्या.