ब्रोकरेजबद्दल करारात चकार शब्द काढू नका

भाड्याचं घर शोधायला निघालात की एक पथ्य पाळा. ब्रोकरेज किती, कुणी द्यायचं आणि कधी, असले प्रश्न विचारू नका. ‘पाणी चोवीस तास असतं का’ एवढंच विचारावं आणि मान डोलवावी. एजंट गॅलरीतून टेकडीचा तुकडा दाखवत असताना मध्येच पैशांचं काढलंत तर त्याचा मूड जातो, आणि पुण्यात टेकडी दिसणाऱ्या गॅलऱ्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

‘एक महिन्याचं भाडं, ते तर ठरलेलंच असतं साहेब,’ असं तो म्हणेल. कुणी ठरवलं, असं म्हणू नका. भाड्याच्या घराच्या दलालीचा दर ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. आहे तो रिवाज. रिवाज असा की भाडेकरूनं एक महिन्याचं भाडं द्यावं आणि मालकानंही तेवढंच द्यावं. मुंबईत दोन्हीकडून घेण्याची पद्धत बऱ्यापैकी रुळलेली आहे. पुण्यात मात्र मालकाचा महिना कधी पंधरा दिवसांचा होतो, कधी त्याचा एक कपही चहा होत नाही. त्याच्याकडे फ्लॅट आहे आणि पुढच्या वर्षीही तो एजंटच्याच हाती द्यायचा आहे. तुमच्याकडे फक्त रविवारचा टेम्पो ठरलेला आहे. तेव्हा ज्याची गरज नडलेली त्यानं पूर्ण द्यायचं, हे उघड आहे.

मालकाकडून किती घेताय, हे तर अजिबात विचारू नका. उत्तर खरं आलं तर कळेल की गृहस्थ मालकाचा माणूस आहे आणि पगार तुम्ही देताय. दोन हजार कमी करा म्हणून तुम्ही त्यालाच मालकाकडे धाडता, तेव्हा भाडं उतरलं की त्याची दलालीही तितकीच उतरते, असली गणितं मनात आणू नयेत. त्यानं रेराचं प्रमाणपत्र दाखवलं की विषय संपवा. ती नोंदणी प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी असते, भाड्याचा व्यवहार तिच्यात येत नाही, पण शिक्का देखणा असतो. वर १८ टक्के जीएसटी मागितला तर जीएसटी नंबर आणि पक्कं बिल मागू नका. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही, हे त्याला तोंडावर सांगणं बरं दिसत नाही.

पैसे लगेच द्या. टोकन द्याल त्याच संध्याकाळी ब्रोकरेजही देऊन टाका. १८७२ च्या करार कायद्यात कलम २१९ आहे: वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काम पुरं होईपर्यंत एजंटचा मोबदला देणं लागत नाही. म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नाहीत तर कायदा चक्क तुमच्या बाजूनं उभा राहतो, आणि हा भिडस्त माणसाला पेलणारा प्रकार नव्हे. आधीच देऊन मोकळे व्हा. मग अंगठे लागायच्या आदल्या दिवशी मालकाला ‘आमचा पुतण्या येतोय राहायला’ असं आठवलं, तर टोकन मालकाकडून परत येतं आणि ब्रोकरेज ‘पुढच्या घरात अ‍ॅडजस्ट’ होतं.

आता आकडे बघू, म्हणजे न बघण्याचं महत्त्व कळेल. समजा कोथरूडमधला टू बीएचके, भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, करार अकरा महिन्यांचा. ब्रोकरेज २८,०००. अकरा महिन्यांवर पसरलंत तर महिन्याला सुमारे २,५४५ रुपये, म्हणजे तुमचं खरं भाडं साडेतीस हजार. तरी हे सगळं सुरळीत पार पडलं तर. पाचव्या महिन्यात मालकानं एक महिन्याची नोटीस देऊन सहाव्या महिन्याच्या शेवटी घर रिकामं करून घेतलं, तर तेच २८,००० सहा महिन्यांत जिरले: महिन्याला ४,६६७. उरलेल्या पाच महिन्यांचे १२,७२७ रुपये कुणाचे, हा प्रश्न तुम्ही एजंटला विचाराल. तो म्हणेल, ‘मी घर दिलं, माझं काम झालं.’ मालक म्हणेल, ‘ब्रोकरेज मी घेतलं का?’ आणि दोघांचंही बरोबर असेल, कारण करारात त्याबद्दल अक्षर नाही.

म्हणूनच मसुदा वाचायला मागू नका. लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा एजंट तयारच ठेवतो. त्यात तुम्ही भिंतीला खिळे ठोकणार नाही याबद्दल दोन कलमं असतात आणि ब्रोकरेजबद्दल एकही नसतं. त्यात पुढील मजकूर घालण्याचा आग्रह चुकूनही धरू नका: ‘आपापल्या एजंटची दलाली ज्याची त्यानं द्यावी, एकाची दुसऱ्याकडून वसूल करू नये. लायसेन्सीची चूक नसताना मालकानं मुदतीआधी करार संपवल्यास, लायसेन्सीनं दिलेल्या २८,००० रुपये दलालीपैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातली रक्कम मालक डिपॉझिटसोबत परत देईल.’ मालक हो म्हणाला तर फारच पंचाईत. नाही म्हणाला, तर निदान तो किती दिवस तुम्हाला ठेवणार आहे याचा अंदाज येतो, आणि असा अंदाज राहायला जायच्या आधी आलेला चांगला नसतो.

भाडेकरारावर सह्या मालकाच्या आणि तुमच्या. एजंट त्यात पक्षकार नसतो, फार तर साक्षीदार. त्यामुळे करारातल्या अटीनं मालक बांधला जातो, एजंट नाही. एजंटला बांधायचं तर त्याच्याशी वेगळं पानभर लिहावं लागतं: रक्कम किती, नोंदणी होऊन किल्ली हातात आल्यावरच देय, व्यवहार फिसकटला तर सात दिवसांत परत, आणि मुदत वाढवताना दलाली नाही. तेही कागदावर नको असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्याच्याकडून ‘ओके’ घ्यायचा. पैसे खात्यावर, कारण लिहून. पण इतका अविश्वास दाखवून संबंध कशाला बिघडवायचे? रोख द्या, पावती मागू नका, आणि निघताना त्याच्या मुलांची चौकशी करा.

मुदत वाढवतानाची ओळ सर्वांत आधी विसरा. दहाव्या महिन्यात एजंटचा फोन येतो. वर्षभरात गीझर बिघडला तेव्हा त्यानं फोन उचललेला नसतो, पण तारीख त्याच्या बरोबर लक्षात असते. ‘रिन्यूअल करायचंय ना? अर्धा महिना द्यावा लागेल.’ कशाबद्दल, असं विचारू नका. घर तुम्हाला सापडलेलं आहे, तुम्ही त्यातच राहता आहात, मालकाचा नंबर तुमच्याकडे आहे. अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवावाच लागतो आणि कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन नोंदणी, आधार, दोघांचे अंगठे. वरच्या घराचं मुद्रांक शुल्क, म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज यांच्या पाव टक्का, आठशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार. एवढ्यासाठी चौदा हजार देणं ही सुसंस्कृतपणाची किंमत समजा.

आणि काहीही झालं तरी मालकाला थेट फोन लावू नका. लावलात तर दोघं मिळून दोन-अडीच हजारांत काम उरकाल, आणि बोलता बोलता निघेल की अर्धा महिना त्यांच्याकडूनही मागितला होता, ‘भाडेकरू देतोय, तुम्हीही द्या’ असं सांगून.