आधी विचारा, दुखतं नेमकं कुठं?

"नवीन लग्नात संबंधाच्या वेळी प्रत्येकीलाच दुखतं, सवयीनं जातं. नाही गेलं तर कोरडेपणा समजावा, खोबरेल तेल लावावं. तरीही दुखलं तर इन्फेक्शन आहे, मेडिकलमधून किट आणून दोघांनी घ्यावं, रोज वॉशनं धुवावं. रिपोर्ट नॉर्मल आले तर मनाचा खेळ. एक बाळंतपण झालं की सगळं मोकळं होतं. सगळ्या बहिणींना पाठवा."

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात या उन्हाळ्यात तीन जणींनी हा मेसेज मोबाइलवर दाखवला. तिसरी तर बाळंतपण सोडून त्यातलं सगळं करून बसली होती. तिच्या परवानगीनं तिचीच हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २७, शाळेत शिकवते, लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. मी तिला आधी एवढंच विचारलं, की दुखतं कुठं आणि केव्हा? बाहेर हात लागताच, आत शिरताना तोंडाशी, की आत गेल्यावर ओटीपोटात खोल? पहिल्या दिवसापासून आहे, की आधी ठीक होतं आणि मग सुरू झालं? ती म्हणाली, "पहिले पाच महिने काहीच त्रास नव्हता मॅडम. आता तोंडाशीच अटकते. भिंत लागल्यासारखं वाटते, पुढे जाऊनच नाही राहिलं."

या एका उत्तरात "सवयीनं जातं" हे वाक्य निकालात निघालं. पहिल्या काही वेळा ओढल्यासारखं किंवा चुरचुरल्यासारखं होऊ शकतं, पण ते दर वेळी कमी होत गेलं पाहिजे. तसंच राहिलं, वाढलं, किंवा चांगलं चाललेलं असताना मधेच सुरू झालं, तर त्यामागे कारण आहे. आणि दुखत असताना दात-ओठ खाऊन रेटत राहिलं तर शरीराला सवय होते ती दुखण्याची. ती कशी, ते पुढे येईलच.

आता तेल. कोरडेपणानं दुखतं तेव्हा बाई सांगते की घासल्यासारखं होतं, नंतर लघवीला गेलं की झोंबतं, कधी बारीक चिरा पडतात. ओलावा कुठून येतो हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. मन आणि शरीर तयार होताना योनीच्या भिंतीतला रक्तपुरवठा वाढतो आणि त्यातून हा ओलावा पाझरतो. त्याला वेळ लागतो. एकत्र कुटुंबात, शेजारच्या खोलीत सासरे जागे असताना, पाच मिनिटांत उरकायचं असेल तर तो येणार कुठून? काही औषधंही ओलावा कमी करतात: सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, आणि काही जणींना गर्भनिरोधक गोळ्या. अंगावर पाजत असताना आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. त्या काळात नुसता ओलावा कमी होत नाही, योनीची भिंतच पातळ आणि नाजूक होते.

म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बाईला तेल दिलं तर घर्षण तेवढ्यापुरतं कमी होईल, भिंत पातळ ती पातळच राहील. तिच्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक पडायला काही आठवडे जातात. चार दिवसांत सोडून देणाऱ्याच जास्त. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

खोबरेल तेलाची दुसरी भानगड अशी की कोणत्याही तेलानं लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. निरोध वापरणाऱ्यांनी पाण्यावर आधारलेलं किंवा सिलिकॉनचं जेल घ्यावं. यातून एक सोपी परीक्षाही होते. जेल सढळ हातानं लावलं, घाई केली नाही आणि दुखणं बरंच उतरलं, तर मुख्य दोष कोरडेपणाचा होता. माझ्या पेशंटला मी हेच विचारलं. ती म्हणाली, तेलानं घासणं थांबलं, पण भिंत तिथंच आहे.

इन्फेक्शनबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. हिला खरोखरच इन्फेक्शन झालं होतं. दाढ काढली तेव्हा पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, त्यानंतर खाज सुटली आणि दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाऊ लागलं. ही बुरशी. अँटिबायोटिकनं योनीतले उपकारक जिवाणू कमी झाले की तिला जागा मिळते. साखर ताब्यात नसेल तर ती पुन्हा पुन्हा येते. बुरशीनं तोंडाजवळची त्वचा सोलवटल्यासारखी होते, तिथं काहीही लागलं की आग होते. तेव्हा एका डॉक्टरांनी फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली, ती बरोबरच होती. आठवड्यात खाज गेली, स्राव गेला. दुखणं गेलं नाही.

मग "अजून इन्फेक्शन असेल" म्हणून कुणीही न तपासता तीच गोळी आणखी तीनदा झाली, शेवटी किट झालं आणि वॉश रोज दोनदा. किटमध्ये सहसा तीन वेगवेगळ्या रोगांची तीन औषधं असतात. म्हणजे अंधारात तीन दगड. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचं इन्फेक्शन असेल, पिवळट-हिरवट फेसाळ स्राव जात असेल, तर नवऱ्यानंही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर ते परत येतं. साध्या बुरशीत मात्र नवऱ्याला खाज किंवा पुरळ नसेल तर त्याला गोळी लागत नाही. माशासारखा वास आणि पातळ राखाडी स्राव हा जिवाणूंचा तोल बिघडल्याचा प्रकार. त्यात वासाचा त्रास असतो, दुखणं सहसा नसतं, त्यामुळे दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडण्याआधी थांबावं. आणि वॉश? तरुण बाईच्या योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आम्लधर्मी असतो. हे आम्लच तिची राखण करतं. आत धुण्यासाठी काहीच लागत नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. हिची बाहेरची त्वचा वॉशनं लाल आणि कोरडी झाली होती. खाज नसताना आग होत होती ती त्यामुळे.

मी स्रावाचा थेंब काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशीचे धागे नव्हते. नुसत्या पीएचच्या पट्टीवर विसंबले नाही, कारण बुरशी असतानाही पीएच बहुधा नॉर्मलच येतो. मग ओला कापसाचा बोळा काडीवर घेऊन योनीच्या तोंडाभोवती घड्याळाच्या काट्यांसारखा टेकवत गेले. काहींना इथं नुसत्या स्पर्शानं मिरची लागल्यासारखं होतं, विशेषतः खालच्या भागात, चारपासून आठच्या काट्यापर्यंत. तो तिथल्या मज्जातंतूंच्या अतिसंवेदनशीलतेचा वेगळा आजार आहे. हिला तिथं जरा चुरचुरलं, एवढंच.

मग विचारून, एकच बोट, भरपूर जेल लावून. पहिल्या पेराच्या थोडं पुढे स्नायूंचं कडं घट्ट आवळलेलं होतं. डाव्या बाजूला खाली हलकेच दाबलं आणि ती म्हणाली, "हेच ते." तिला म्हटलं, लघवी रोखतेस तसं आवळ. आवळलं. आता सोड. सुटेना. तिला वाटत होतं आपण सोडलं आहे, पण बोटाला ते आवळलेलंच लागत होतं.

रिपोर्ट नॉर्मल येतात ते याचमुळे. स्रावाच्या तपासणीत आणि सोनोग्राफीत हा आवळ कुणी शोधतच नाही. तो हाताला लागतो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. लघवी, शौच, वारा धरून ठेवायचं काम त्यांचं. नागपुरात मे महिन्यात दुचाकीवर डोळ्यासमोर धूळ आली की पापणी आपण मिटत नाही, ती मिटते. तसंच इथं. बुरशीच्या त्या तीन आठवड्यांत तिला दर वेळी आग झाली, स्नायू राखणीला आवळले. बुरशी गेली, राखण उठली नाही. आवळलेल्या स्नायूवर रेटलं की पुन्हा दुखतं, दुखलं की तो पुढच्या वेळी आधीच आवळतो. भीती यात आहे, पण "मनाचा खेळ" म्हटलं की बाई दोषी ठरते आणि स्नायूला कुणी हात लावत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनंही २०१३ साली हे आखडणं आणि संबंधातलं दुखणं यांची वेगळी नावं काढून एकच निदान केलं.

उपचार असा ठरला. वॉश बंद, गोळ्या बंद, आणि काही काळ आत प्रवेश नाही. बाकी जवळीक चालेल. नवऱ्याला हे मी समोर बसवून सांगितलं. तो इतका वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मी काही चुकीचं करून नव्हतो राहिलो ना?" पोटातून श्वास घेताना तळ खाली सैल सोडायचा, हे तिला ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं शिकवलं. इथं एक चूक फार होते: यूट्यूब पाहून आवळायचे व्यायाम सुरू करतात. ज्याला सोडता येत नाही त्याला आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. मग डायलेटर, म्हणजे वाढत्या जाडीच्या गुळगुळीत कांड्या. पहिली करंगळीएवढी, जेल लावून, रोज दहा मिनिटं, स्वतःच्या हातानं. आत नुसती ठेवून श्वास घ्यायचा. एक आकार न दुखता आरामात राहू लागला की पुढचा. दुखलं तर एक पायरी मागे.

दुखणं तोंडाशी नसून खोल असतं तेव्हा यातलं बरंचसं लागू पडत नाही. पाळीतही भयंकर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, विचार करावा लागतो. ताप, ओटीपोटात दुखणं आणि वास येणारा स्राव एकत्र असतील तर गर्भाशय-नलिकांचं इन्फेक्शन असू शकतं. तेव्हा मेयो म्हणा, मेडिकल म्हणा, नागपुरातलं कुठलंही सरकारी रुग्णालय त्याच दिवशी गाठायचं. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायचं.

बाळंतपणानं मोकळं होण्याची गोष्ट तर उलटीच आहे. टाक्यांचा व्रण, वर अंगावर पाजण्याच्या महिन्यांतला कोरडेपणा: ज्यांना आधी कधी दुखलं नाही अशा कितीतरी जणी बाळंतपणानंतरच माझ्याकडे येतात. आवळलेला स्नायू बाळ बाहेर आलं म्हणून सैल सोडायला शिकत नाही. शिवाय, जिथं संबंधच होत नाही तिथं मूल राहणं मुळातच अवघड, हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

अकरा आठवडे झालेत. ती चौथ्या आकारावर आहे. मधे सासरी पाहुणे होते तेव्हा दहा दिवस खंड पडला आणि एक पायरी मागे यावं लागलं. सासूबाईंना ती फिजिओथेरपी कंबरेसाठी आहे म्हणून सांगते. तसं ते फार खोटंही नाही.