तुळईला पट्टी मारली म्हणून लाकूड मोकळं होत नाही

“जुन्या तुळईला लोखंडी पट्टी मारा, बाजूला मारा नाहीतर खाली, कुठेही चालते. स्टील लाकडाच्या वीसपट ताकदवान, त्यामुळे सगळा भार पट्टी घेते आणि लाकूड मोकळं होतं. हिशोबाला ट्रान्सफॉर्म्ड सेक्शन करा, My/I काढा, आलं ते उत्तर.”

हा सल्ला तपासूया. आधी ते वीसपट बघू. आकडा ठीक आहे पण तो ताकदीचा नाही, कडकपणाचा आहे. E म्हणजे कडकपणाचा आकडा, स्टीलचा २०० जीपीए, सागाचा १० धरला तर दोघांचं गुणोत्तर n = 20. दोघं घट्ट जोडलेले असतील तर एकाच उंचीवर दोघं सारखेच ताणले जातात, आणि तेवढंच ताणायला स्टीलमध्ये वीसपट स्ट्रेस लागतो. म्हणून पट्टीच्या जागी वीसपट रुंद लाकूड आहे असं समजायचं, हाच तो ट्रान्सफॉर्म्ड सेक्शन. रुंदीच वाढवायची हां, जाडी नाही, कारण जाडी वाढवली की ते लाकूड भलत्याच उंचीवर जातं आणि ताणण्याचा सगळा हिशोबच बिघडतो.

आता खरी तुळई घेऊ. देवगडकडे एका कौलारू घरात पोटमाळ्याखाली सागाची तुळई होती, १५० रुंद, २५० खोल (सगळं मिमीमध्ये), गाळा ४ मीटर, भार मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे मधोमध मोमेंट, वाकवणारा जोर, १२ किलोन्यूटन-मीटर. नुसत्या लाकडात वरखाली ७.६८ एमपीए स्ट्रेस येतो. खाली ७५ × १० ची पट्टी लावली, तिची रुंदी झाली १५००. न्यूट्रल ॲक्सिस, म्हणजे जिथे ना ताण ना दाब ती उंची, पट्टीच्या तळापासून ९७.९ वर येतो, म्हणजे तुळईच्या मध्यापेक्षा ३७ मिमी खाली सरकला, आणि I, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, येतो ३७६.५ × १०⁶ मिमी⁴.

My/I मध्ये M म्हणजे मोमेंट आणि y म्हणजे न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर, त्याने लाकडाच्या माथ्यावर ५.१७ एमपीए येतात, लाकडाच्या तळाला २.८०. पट्टीच्या तळाला ३.१२ येतात, आणि इथेच लोक थांबतात! ते ३.१२ त्या काल्पनिक लाकडाचे आहेत, खऱ्या पट्टीत त्याच्या वीसपट म्हणजे ६२.४ एमपीए आहेत. शेवटी n ने गुणायचं राहिलं की स्टील अगदी निवांत बसलंय असं वाटतं.

बरं, सगळा भार कोणी घेतला? I मध्ये पट्टीचा वाटा ३४ टक्के आहे, मोमेंटमध्येही तेवढाच. बाकी दोन तृतीयांश लाकूडच उचलतंय, आणि माथ्यावरचा दाब ७.६८ वरून फक्त ५.१७ झालाय. माथाच वाळवीने पोखरलेला असेल तर खालच्या पट्टीवर विसंबू नका.

कुठेही चालते म्हणणाऱ्यांनी तेच लोखंड बाजूला लावून बघावं. दोन्ही बाजूंना मध्यावर ५ × ७५ च्या दोन पट्ट्या, वजन तेवढंच, साडेतेवीस किलो. I होतो २०२.३ × १०⁶, नुसत्या लाकडाचाच १९५.३ होता. लाकडातला स्ट्रेस ७.६८ वरून ७.४१! पैसे गेले, लोखंड गेलं, खाऱ्या हवेत गंज तेवढा मिळाला. बाजूलाच लावायची तर पट्टी जवळजवळ पूर्ण खोलीची घ्या.

अजून एक, हे सगळे आकडे पट्टी लावताना तुळईवर काहीच भार नव्हता असं धरून आहेत. कौलं, माळा तसाच ठेवून पट्टी लावली आणि ६ पैकी ४ आधीच वर असले, तर ते ४ एकट्या लाकडाने घेतलेत, पट्टी फक्त पुढच्या २ ला हात लावते. माथ्यावर ५.१२ अधिक १.७२ म्हणजे ६.८४ एमपीए, पट्टीत जेमतेम २१. म्हणून आधी जॅक आणि टेकू लावून तुळई उचलायची, मग पट्टी.

आणि जोड. पट्टीत मधोमध ४४ किलोन्यूटन ओढ येते, ती टोकापासून मध्यापर्यंत स्क्रू किंवा बोल्टमधूनच येणार, दुसरा रस्ता नाही. सगळ्यात जास्त सरकण्याचा जोर टोकांजवळ, मिमीला ४४ न्यूटन, म्हणजे १५० मिमीवर एक ओळ असेल तर टोकाच्या ओळीवर साधारण साडेसहा किलोन्यूटन. आपल्याकडे मात्र मध्यावर दाटीने बोल्ट आणि टोकाला दोन, कारण वाकते ती मध्यावर ना! भोकं मोठी पाडली असतील तर पट्टी आधी सरकते, मग कामाला लागते, आणि सरकली की n वगैरे काही लागू नाही. ओळखायचं असेल तर टेकू काढण्याआधी तुळईच्या टोकाला पट्टी आणि लाकूड दोन्हीवरून पेन्सिलची एक सरळ रेघ मारा. टेकू काढल्यावर रेघ तुटलेली दिसली तर भार परत टेकूवर घ्या आणि टोकांचे बोल्ट वाढवा.