कात्रीने कापलेल्या दोन गोळ्या

आज सकाळी मेडिकलवर उभा होतो. पुढे एक पोरगा, डोळे लाल, तोंडाला रात्रीच्या दारूचा वास, म्हणे डोकं फुटतंय, काहीतरी कडक द्या. दुकानदाराने डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या, काही विचारणं नाही की सांगणं नाही. पोराने तिथेच उपाशीपोटी एक गिळली. टाळकंच सटकलं माझं.

मामेभाऊ आठवला ना. घरातलंच लग्न, वरातीत नाचून कंबर धरली, रात्री दोनपर्यंत पीत बसलेला. सकाळी गोळी मीच आणून दिली त्याला, हो मीच. संध्याकाळी परत बसला, सकाळी परत गोळी, असं तीन दिवस. चौथ्या दिवशी संडासला काळं, डांबरासारखं चिकट झालं, आम्ही म्हटलं लग्नातलं काहीतरी बाधलं असेल. दुपारी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. हिमोग्लोबिन पार ७ वर आलेलं.

ते डांबर म्हणजे पोटात झिरपलेलं रक्त होतं. आणि पोट दुखत नव्हतं हो त्याचं! या गोळ्यांचा अल्सर बऱ्याचदा दुखतच नाही. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं एक रसायन असतं, दुखणं तेच वाढवतं पण पोटाच्या अस्तरावरचा चिकट थरही तेच टिकवतं. डायक्लोफेनॅक काय, आयबुप्रोफेन काय, ते बनणंच कमी करतात. म्हणजे कंबरदुखी थांबते आणि थर पातळ होतो, आणि त्याच अस्तराला दारू आधीच चावत असते. इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं असं सांगणारे महाभाग भेटतात, अरे औषध रक्तातूनच जातंय ना तिथे!

'ॲसिडिटीची पॅन घेतो की सोबत' म्हणाल. घ्या, पोटाला थोडा आधार होतो, मान्य. किडनीला काय? दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी उतरतं, अशा वेळी किडनी त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर रक्ताची नळी उघडी ठेवते, आणि आपण नेमकं तेव्हाच ते बंद पाडतो. भावाचं क्रिएटिनिन २.६ आलं, म्हणजे किडनीलाही मार बसला होता. आदल्या दिवसापासून त्याला लघवी नीट झाली नव्हती आणि एवढ्या पाहुण्यांत कुणाच्या लक्षातही नाही. गिधाडं याच डायक्लोफेनॅकने किडनी जाऊन मेली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं. माणसाला मात्र सुटं मिळतंय.

बरं, एका बिअरवर एक गोळी खाऊन ठणठणीत असणारे ढिगाने आहेत, माहितीये. आणि पॅरासिटामॉल म्हणजे अमृत असंही नाही, रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला तेही जपूनच.

भाऊ सुटला. दोन बाटल्या रक्त, एंडोस्कोपी, क्रिएटिनिन दोन आठवड्यांनी खाली आलं. आता कंबर धरली की मामी गरम पाण्याची पिशवी देते, कुरकुरतो, पण घेतो.

त्या पोराला मात्र मी काहीच बोललो नाही. आगाऊपणा वाटेल म्हणून. दुसरी गोळी त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि गाडीला किक मारली.